पंगतीत बसून ‘नको’ म्हणताना

महागाव, पुसद, उमरखेड या पट्ट्यात लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे जेवण बहुधा गोडाचेच असते. प्रश्न येतो तो जावळाच्या जेवणात, कंदुरीला, नवसाच्या बकऱ्याला, नाहीतर निवडणुकीचा निकाल लागल्यावर कुणाच्या तरी शेतातल्या गोठ्यापुढे. चूल पेटलेली असते, गंजात रस्सा उकळत असतो, चारचौघे थोडे बाजूला बसलेले असतात. अशा वेळी एखादा जण मटणाच्या बादलीपुढे ताटावर हात आडवा धरतो किंवा समोर आलेला ग्लास परत करतो. पुढच्या पाच मिनिटांत तो काय बोलतो, यावर त्याचे आणि त्या घराचे बरेच काही ठरते.

नकार द्यावा की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. ज्याला खायचे-प्यायचे नाही त्याने खाऊ-पिऊ नये. अवघड भाग पुढचा आहे. ‘काऊन नाही घेत?’ असे विचारल्यावर खरे तर सांगायचे, पण सांगताना समोरच्याचे ताट उष्टावल्यासारखे वाटू द्यायचे नाही.

नाकारणारा माणूस तोंड उघडण्याआधीच त्याच्याबद्दल एक समज झालेला असतो. अमेरिकेतल्या ज्युलिया मिन्सन आणि बेन्वा मोनँ या दोन संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांसाहार करणाऱ्यांना शाकाहाऱ्यांविषयी मत विचारले होते. त्यातल्या काहींना मत देण्याआधी एवढाच विचार करायला लावला, की शाकाहारी माणसे तुमच्या नीतिमत्तेला कसे जोखत असतील? ज्यांनी आधी हा विचार केला, त्यांनी शाकाहाऱ्यांना जास्त वाईट ठरवले. शाकाहारी माणूस समोर नव्हता आणि तो काही बोललाही नव्हता. हा आपल्याला कमी लेखत असेल, एवढी शंकाच पुरली. म्हणजे पार्टीतला राग बहुधा न घेतलेल्या पेल्यावर नसतो. ‘हा आपल्याला पापी समजतो’ या अंदाजावर तो असतो. उपदेश न करणे एवढ्याने भागत नाही, तो अंदाज खोटा पाडावा लागतो.

आपल्याकडे या शंकेला आणखी एक जुना आधार आहे, आणि तो बोलून दाखवला पाहिजे. शतकानुशतके या मुलखात दुसऱ्याच्या घरी न जेवणे म्हणजे त्याला हलका मानणे असे. कुणाच्या हातचे पाणी चालते आणि कुणाच्या हातचे नाही, यावर माणसे मोजली गेली. त्यामुळे एखाद्या घरात ‘मी मटण खात नाही’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात आधी प्रश्न उठतो, मटण चालत नाही की आमचे घर चालत नाही? ज्यांच्या आजोबांना वेगळ्या पेल्यातून पाणी मिळाले, त्यांच्या मनात हा प्रश्न येणे अतिसंवेदनशीलपणा नव्हे, ती आठवण आहे. म्हणून ‘माझे पोट ठीक नाही’ म्हणत दाराशीच सुपारी घेऊन निघून जाणारा, मटणाचा एक शब्दही न काढता, सर्वांत जास्त दुखावून जातो.

याला उत्तर साधे आहे आणि ते तोंडाने देता येत नाही. पदार्थ नाकारायचा, चूल नाकारायची नाही. त्याच घरची भाकर, त्याच घरचे पाणी, त्याच पंगतीत मांडी घालून. ठेचा असेल तर ठेचा, पाटोडीचा रस्सा केला असेल तर तो, दुसऱ्यांदा मागून. घरच्या बाईला ‘वहिनी, अजून एक भाकर द्या’ म्हणणारा पाहुणा आपल्याला कमी लेखतो आहे, असे कुणालाही वाटत नाही.

आता एक जावळाचे जेवण सुरुवातीपासून पाहू. आमंत्रण फोनवर येते. पहिले काम तिथेच करायचे असते: ‘दादा, नक्की येतो. मी मटण खात नाही, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, भाकर-ठेचा भरपूर झाला.’ पंगतीत बसल्यावर हे सांगितले तर यजमान चार माणसांसमोर ओशाळतो आणि घरात धावपळ होते. आदल्या दिवशी सांगितले तर बहुधा थोडे वांगे-बटाटे वेगळ्या चुलीवर जातात. माळकऱ्यांसाठी वेगळी भाजी ठेवायची सवय आपल्या गावांना आहेच, त्यामुळे ही मागणी कुणाला नवीन वाटत नाही.

पंगत बसते. बादली येते, हात आडवा होतो. वाढणारा म्हणतो, ‘नुसता रस्सा तरी घ्या, फोडी काढून देतो.’ ही तडजोड तो मनापासून सुचवत असतो. त्याच्या दृष्टीने फोड म्हणजे मांस आणि रस्सा म्हणजे मसाला. इथे रस्सा कशाने झाला हे समजावत बसू नये. ‘नको भाऊ, भाजी मस्त झालीय, तीच वाढा’ एवढे पुरते. इथे कुचंबून एकदा रस्सा घेतला तर पुढच्या प्रत्येक जावळाला तो घ्यावा लागतो, कारण मागच्या वेळी चालला होता.

मग बाजूला बसलेल्यांपैकी कुणी हाक मारतो. ‘घे ना गा, थोडीशीच.’ पहिल्या नकाराला आपल्याकडे नकार धरत नाहीत. पाहुण्याने एकदा ‘नको’ म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करायचा, हा रिवाज पोळी-भाजीलाही आहे. म्हणून दुसऱ्यांदा विचारले तर चिडायचे कारण नाही. दुसऱ्या वेळी आवाज तोच ठेवून तेच वाक्य म्हणायचे: ‘मी घेत नाही.’ प्रत्येक वेळी नवे कारण दिले की समोरचा त्या कारणाशी वाद घालतो. ‘गोळ्या चालू आहेत’ म्हटले तर पुढच्या महिन्यात ‘संपल्या ना गोळ्या?’ असे विचारतील. ‘आज सोमवार आहे’ म्हटले तर मंगळवारी बोलावतील. वाराचे कारण गावात पटकन मान्य होते, ते कुणाला टोचतही नाही, आणि ज्याचा खरोखर वार असतो त्याने जरूर द्यावे. पण ज्याने कायमचे सोडले आहे, त्याने उसने कारण घेऊ नये.

तिसऱ्यांदा विचारले जाते तेव्हा खरा प्रश्न असतो. कधी तो मनापासूनचा असतो, कधी खोचक. दोन्हींना एकच उत्तर देता येते, आणि ते एका वाक्यात, स्वतःबद्दल द्यायचे. ‘घरात दारूनं एक माणूस गेला, तेव्हापासून मी हात लावत नाही.’ ‘मला जनावर कापताना पाहवत नाही, म्हणून सुटलं.’ या वाक्यात कर्ता ‘मी’ आहे. त्याऐवजी ‘दारूनं घरं बरबाद होतात’ म्हटले, की कर्ता बदलतो आणि समोर बसलेल्याचे घर मध्ये येते. वाक्य खरेच आहे, पण ते त्याच्यावर टाकलेले आहे. तो विचारत राहिला तर उत्तर पुढे न्यावे. त्याने विषय बदलला तर आपणही बदलावा, कापसाच्या भावावर यावे.

माळ ही गोष्ट किती काम करते, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गळ्यात तुळशीची माळ दिसली की पंगतीत कुणी बादली पुढे आणत नाही, आणि माळकऱ्याला काही समजवावेही लागत नाही. ती माळ घालणाऱ्यावर बंधन घालते, शेजाऱ्यावर नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. बौद्ध घरांतल्या उपासकांची रेषा वेगळ्या जागी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मांसाहाराविषयी तशी प्रतिज्ञा नाही. त्यामुळे एकाच पंगतीत मटण खाऊन ग्लास नाकारणारा आणि दोन्ही नाकारणारा शेजारी बसू शकतात. ज्याच्याकडे माळही नाही आणि प्रतिज्ञाही नाही, फक्त स्वतःचा निर्णय आहे, त्याला मात्र शब्दांवरच भागवावे लागते. त्याचा नकार लोकांना ओळखीचा व्हायला वेळ लागतो. दोन-तीन कार्यक्रम ‘हा काय नवीन?’ असे होते आणि मग बादली आपोआप पुढे सरकते.

उपदेशाची जागाच नाही, असे मला म्हणायचे नाही. वऱ्हाडात राहून तसे म्हणणे गाडगेबाबांना विसरण्यासारखे होईल. १८७६ साली शेंडगावात जन्मलेल्या डेबूचे वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि पोर मामाकडे वाढले. पुढे डेबूच्या मुलीच्या बारशाला परीट जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारूचे जेवण द्यायचे होते. डेबूने ते दिले नाही, गोडाचे जेवण दिले, आणि भाऊबंदांची नाराजी अंगावर घेतली. पण ते पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या घरी जाऊन बादली अडवायला गेले नव्हते. चूल त्यांची होती, खर्च त्यांचा होता, आणि पाहुण्यांना उपाशी न ठेवता त्यांनी पोटभर वाढले. दारू आणि देवापुढच्या बकऱ्याबद्दल त्यांनी पुढे आयुष्यभर झोडपून सांगितले, ते कीर्तनात. तिथे लोक ऐकण्यासाठीच येत, रात्र-रात्र बसत. ते कीर्तनाला आपणहून आलेल्यांना बोलत होते, जेवायला बसलेल्याला नाही. यजमानाला स्वतःच्या चुलीवर जेवढा हक्क आहे, तेवढा पाहुण्याला फक्त स्वतःच्या ताटावर आहे.

एक जागा अशी आहे, जिथे मी हा संकोच बाजूला ठेवतो. जेवणे आटोपतात, लोक मोटारसायकली काढतात. महागाववरून नागपूर-नांदेड महामार्ग जातो, त्यावर रात्री ट्रकांची रांग असते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकाच्या रक्तात १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असला की गुन्हा होतो, आणि ती मर्यादा दोन-तीन पेग घेतलेला माणूस सहज ओलांडतो. ‘मी रोजच चालवतो’ असे तो म्हणतो, आणि ते खरेही असते. इथे ‘त्याचा निर्णय, त्याचे ताट’ हे लागू होत नाही, कारण समोरून येणारा त्या पार्टीला नव्हता. न पिणाऱ्याचा तिथे एक सरळ उपयोग आहे. भाषण न करता चावी मागावी: ‘भाऊ, मी घेतली नाही, तू मागं बस, तुला घरी सोडतो. गाडी सकाळी नेऊ.’ नाही म्हणाला तर यजमानाला बाजूला घेऊन सांगावे, त्याच्या थोरल्या भावाला फोन करावा, चावी लपवावी लागली तर लपवावी. यात तो रागावला तर रागावू द्यावा.

यजमानाकडेही थोडे काम आहे, आणि ते अगदी लहान आहे. भाजीची पळी मटणाच्या बादलीत बुडवू नये. न खाणाऱ्यांना आधी वाढून घ्यावे, म्हणजे वाढणाऱ्याचे हात आणि भांडी वेगळी राहतात. आणि ग्लास परत करणाऱ्याला कारण विचारू नये. त्याला सांगायचे असेल तर तो सांगेल. व्यसन नुकतेच सोडलेल्या माणसाला तर कारण विचारणे म्हणजे चार लोकांत त्याचा आजार उघडा करणे आहे. त्याच्यापुढे लिंबू-सरबताचा ग्लास आधीच भरून ठेवला, तर दुसरा ग्लास द्यायला हात रिकामाच दिसत नाही.