अठरा, अठरा, अठरा

बसू नका. उभ्यानेच ऐका, आणि ते दोघे ब्रदर मागे भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढे यावं. माझ्या हातात काल रात्रीचे सर्जिकल वॉर्डचे चार्ट आहेत. पंधरा पेशंट. श्वासाच्या रकान्यात पंधराही जणांचा आकडा १८. संध्याकाळी सहाला १८, रात्री दहाला १८, पहाटे दोनला १८. पंधरा माणसं रात्रभर एकाच तालात श्वास घेत होती, यावर तुमच्यापैकी कोणाचा विश्वास बसतो? माझा नाही. हे आकडे मोजलेले नाहीत. आधीच्या ड्यूटीने लिहिलं ते खाली उतरवलंय. परीक्षेत शेजारणीचं बघून लिहिलं असतं तर मी फक्त मार्क कापले असते. इथे कापायला मार्क नाहीत. इथे चौदा नंबरचे काका आहेत, आणि ते आता आयसीयूत आहेत.

त्यांचाच चार्ट घेऊ. वय अठ्ठावन्न, आतड्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. संध्याकाळी सहाला ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९७, वरचं बीपी १३८, नाडी ८८, ताप ३७.२. स्कोअर शून्य. श्वास सोडला तर याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री दहाला सॅच्युरेशन ९५, त्याचा एक गुण. नाडी ९६, तिचा एक. बीपी १२६, ताप ३७.८, दोन्हीचे शून्य. बेरीज दोन. पहाटे दोनला सॅच्युरेशन ९६, बीपी ११२, नाडी १०८, ताप ३८.२. तुम्ही नाडीचा एक आणि तापाचा एक धरून पुन्हा दोन लिहिलेत. दहाला दोन, दोनलाही दोन, म्हणून शेऱ्यात लिहिलंत ‘पेशंट स्टेबल’. आणि दोन गुण म्हणजे पुढची नोंद चार ते सहा तासांनी, म्हणून सहा वाजेपर्यंत त्या बेडकडे कोणी फिरकलं नाही.

आता त्याच कागदावर बोट ठेवते, बघा. सॅच्युरेशन ९६ च्या शेजारी तुमच्याच अक्षरात लिहिलंय ‘ओटू २ लिटर’. दहा वाजता काका साध्या हवेवर ९५ होते, आता नाकात नळी लावून ९६ आहेत. हे सुधारणं नव्हे. पेशंट ऑक्सिजनवर असेल तर त्याचे वेगळे दोन गुण धरायचेच, सॅच्युरेशन कितीही चांगलं दिसो. हा रकाना चार्टवर स्वतंत्र छापलाय आणि तुम्ही तो कोरा सोडलात. म्हणजे तुमच्याच आकड्यांनी बेरीज चार होत होती.

पण चारही खोटेच, कारण १८ खोटं होतं. शेजारच्या बेडच्या नातेवाईक बाई सांगत होत्या की काका मध्यरात्रीपासून धापा टाकत होते. काकांच्या मुलीनेही तेच सांगितलं. मी सहाला आले तेव्हा चादर छातीवरून खाली केली, मनगट हातात धरलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. २८. दोन वाजता ते समजा २६ असेल. २५ आणि त्याच्या वर म्हणजे तीन गुण. चारात तीन मिळवा. सात झाले. सात म्हणजे तातडीचा फोन आणि सतत मॉनिटर, चार तासांनी परत बघणं नव्हे. आणि बेरीज सोडाच. एकाच रकान्यात तीन गुण आले, तर बाकी सगळं शून्य असलं तरी डॉक्टरांना कळवायचं आणि निदान दर तासाला बघायचं, हे चार्टच्या तळाशी छापलेलं आहे.

श्वासाचा एवढा हट्ट का धरते, ते समजून घ्या. शरीरात कुठे संसर्ग पसरायला लागला, पेशींना रक्त कमी पडलं, की रक्तात आम्ल साठतं. मेंदू ते ओळखतो आणि आम्ल बाहेर टाकायला श्वास वाढवतो. हे बऱ्याचदा बीपी पडण्याच्या कितीतरी आधी होतं. सॅच्युरेशन मात्र तेव्हा ठीकच दिसतं, कारण माणूस जास्त श्वास घेऊन ते टिकवून धरतो, आणि वर आपण नळी लावलेली असते. बोटावरचं यंत्र तुम्हाला सांगत नाही की तो आकडा टिकवायला पेशंट किती झटतोय. ते फक्त डोळ्यांनी दिसतं. चार्टवरचे बाकी बरेचसे आकडे यंत्र देतं, श्वास तेवढा तुम्हाला मोजावा लागतो, म्हणूनच तुम्ही तो टाळता.

मोजायचा कसा, हे पहिल्या वर्षाला शिकवलंय, तरी परत सांगते. आधी श्वास, मग बाकी सगळं. बीपीचा पट्टा बांधायच्या आधी, झोपलेल्याला उठवायच्या आधी. ‘काका, श्वास मोजते हं’ असं म्हणायचं नाही, म्हटलं की माणूस श्वास बदलतो. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरायचं आणि नजर छातीवर, पोटावर ठेवायची. सेकंद काट्याचं घड्याळ, पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं आणि एक श्वास चुकला, तर आकडा चाराने चुकतो, आणि २० ते २४ एवढ्यात शून्याचे दोन गुण होतात. पेशंट आत्ताच संडासला जाऊन आला असेल तर थोडं थांबायचं. पंधरा पेशंटची पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ नाही असं मला सांगू नका, तो वेळ काढायचाच.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त लागली. काकांची मुलगी रात्री दीडला टेबलाशी आली होती. म्हणाली, ‘सिस्टर, बाबा काहीतरीच बोलतायत, विचारतायत एसटी लागली का.’ काका चादर चिवडत होते, सलाईनची नळी ओढत होते. तुम्ही तिला सांगितलंत, झोप झाली नाही म्हणून असेल. आणि दोन वाजता शुद्धीच्या रकान्यात ‘ए’ लिहिलंत, कारण डोळे उघडे होते आणि हाक मारल्यावर ओ दिली. डोळे उघडे म्हणजे ‘अलर्ट’ नव्हे. हा स्कोअर इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढला आणि २०१७ मध्ये सुधारला. त्या सुधारणेत मुद्दाम ‘सी’ घातला. सी म्हणजे नव्याने आलेला गोंधळ, आणि त्याचे थेट तीन गुण. नवीन आहे की जुनाच, हे तुम्हाला नसेल माहीत, पण मुलीला माहीत होतं. ती तेच सांगायला उठून आली होती. रात्री दीडला पेशंटचं माणूस टेबलापर्यंत चालत येतं, तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठून बेडपाशी जायचं.

आता परत बेरीज करा. श्वासाचे तीन, ऑक्सिजनचे दोन, नाडीचा एक, शुद्धीचे तीन, तापाचा एक. दहा. कागदावर दोन, बेडवर दहा.

एक गोष्ट मात्र चार्टलाही दिसत नव्हती, ती नीट ऐका. १३८, १२६, ११२, या तिन्ही बीपींना शून्य गुण, कारण १११ पासून २१९ पर्यंत शून्यच आहे. पण पहिल्या पानावर बघा. काकांना बीपीचा जुना त्रास, भरती झाले तेव्हा १५०. त्यांच्यासाठी ११२ हे चांगलं बीपी नाही, पडलेलं बीपी आहे. म्हणून एकटा आजचा ठिपका बघायचा नाही, मागचे चार ठिपके जोडून बघायचे. नाडीची रेघ वर चाललीय, ८८, ९६, १०८. बीपीची खाली येतेय. दोन्ही एकमेकींकडे यायला लागल्या की समजायचं, आत काहीतरी बिघडतंय. सकाळी सहाला नाडी १२४ आणि बीपी ९४ होतं, रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. आणि जे पेशंट नाडी मंदावणारी गोळी घेतात त्यांची नाडी वर जाईलच असं नाही, त्यामुळे औषधांचा कागदही वाचायचा. लघवीला तर या स्कोअरमध्ये जागाच नाही. काकांच्या पिशवीत मध्यरात्रीपासून जेमतेम साठ मिली होती.

सहा नंबरच्या दम्याच्या आजोबांबद्दल एवढंच सांगते, त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डॉक्टरांनी त्यांना सॅच्युरेशनची दुसरी पट्टी लावलीय. त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२. ऑक्सिजनवर त्यांना ९७ करून ठेवाल तर तिथेही तीन गुण येतात. पट्टी डॉक्टर ठरवतात, तुम्ही स्वतः बदलायची नाही. आणि हा चार्ट सोळाच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला लावायचा नाही, त्यांचे वेगळे आहेत.

फोनबद्दल. तुमच्यातली एक जण मला म्हणाली, ‘मॅडम, रात्री उठवलं की डॉक्टर ओरडतात.’ माहीत आहे. ‘डॉक्टर, चौदा नंबर जरा बघून जाता का’ असा फोन केलात तर ते झोपेतून उठणारही नाहीत, कारण तुम्ही त्यांना काही सांगितलेलंच नाही. असं बोलायचं: ‘चौदा नंबर, आतड्याचं ऑपरेशन, चौथा दिवस. स्कोअर दहा, दहा वाजता दोन होता. श्वास २६, दोन लिटरवर ९६, नाडी १०८, बीपी ११२, नेहमीचं १५०. दीडपासून असंबद्ध बोलतायत. लघवी कमी. तुम्ही आत्ता यायला हवं. तोवर मी काय सुरू करू?’ फोनची वेळ लिहायची. पंधरा मिनिटांत आले नाहीत तर रजिस्ट्रार, ते नाहीत तर त्यांच्या वरचे, आणि इनचार्ज सिस्टरला त्याच वेळी उठवायचं. ओरडा बसला तर माझं नाव सांगा. ओरडा खाणं हा तुमच्या कामाचा भाग आहे, आणि तो तुमच्या वतीने खाणं हा माझ्या.

सकाळी सहाला काकांचा स्कोअर पंधरा होता. श्वास २८, चार लिटरवर ९३, बीपी ९४, नाडी १२४, ताप ३८.६, आणि हाक मारल्याशिवाय डोळे उघडत नव्हते. आतड्याचा जोड सुटला होता. सात वाजता ते परत टेबलवर गेले. दोन वाजताही त्यांना ऑपरेशन लागलंच असतं, पण तेव्हा त्यांचं बीपी ११२ होतं आणि ते एसटीबद्दल तरी बोलत होते.

आता चार्ट घ्या आणि घड्याळं काढा. बेड नंबर एकपासून सुरू करा. प्रत्येकीने आणि प्रत्येकाने माझ्यासमोर पूर्ण मिनिट मोजायचं, मीही शेजारी उभी राहून मोजणार आहे. आज कोणाच्या चार्टवर १८ आलं, तर ते मोजून आलेलं असलं पाहिजे.