हप्त्याची तारीख आणि कापसाचा पैसा

"तुमचा मॅसेज आला तवा पैसा नव्हता, अन् पैसा आला तवा तुमचा मॅसेज नव्हता." बाभुळगावातल्या एका शेतकऱ्याने त्याची विमा पॉलिसी बंद का पडली, हे एवढ्याच वाक्यात सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. विमा एजंट म्हणून माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं, कारण मेसेज वेळेवरच गेला होता. देय तारखेच्या पंधरा दिवस आधी गेला होता, आणि पुन्हा त्या तारखेलाही.

दर महिन्याच्या पंचवीस तारखेच्या सुमारास पुढच्या महिन्याची ड्यू लिस्ट काढायची, ती आपल्या रजिस्टरशी ताडून पाहायची आणि कोणाचा हप्ता आला, कोणाचा ग्रेसमध्ये गेला, कोणाची पॉलिसी लॅप्स झाली हे लिहायचं, एवढं तर कोणताही एजंट करतो. एक गोष्ट मात्र पुष्कळांकडून निसटते: कंपनीकडे नोंदलेला मोबाइल नंबर खरंच ग्राहकाचा आहे का? प्रस्तावाचा फॉर्म भरताना घाईत एजंटचाच नंबर टाकलेला असतो, किंवा पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचा. मग कंपनीचा एसएमएस जातो, पण हप्ता भरणाऱ्या माणसाला तो दिसतच नाही. म्हणून माझ्या रजिस्टरात विमाधारकाच्या नावाशेजारी 'पैसे कोण देतं' असा वेगळा रकाना आहे. फोन त्या माणसाला जातो.

आमच्या बैठकांना येणारे एक विकास अधिकारी ठामपणे सांगतात की आठवण म्हणजे सातत्य: महिनाभर आधी एक, पंधरा दिवस आधी एक, मग सात, तीन आणि एक दिवस आधी, आणि हे सगळ्यांना सारखंच. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतला कारकून यांच्यासाठी हे ठीक आहे, ते मी मान्य करतो. त्यांचा पगार दर महिन्याला येतो, त्यामुळे त्यांचा हप्ता चुकतो तो विसरण्यामुळेच, आणि विसरण्यावर आठवण हा उपाय आहे. त्यांच्यातही ज्यांचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, त्यांना 'भरा' म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना कपातीच्या दोनतीन दिवस आधी 'खात्यात शिल्लक ठेवा' एवढंच सांगायचं.

वाहन विम्यातही मी अधिकाऱ्यांच्या बाजूचा आहे. तिथे ग्रेस नाही. मुदत संपली की गाडी त्या क्षणी विनाविमा, आणि तशी गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा. नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण झालं नाही, तर क्लेम न घेतल्याबद्दल वर्षानुवर्षं साठलेली सवलत जाते. ती पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत पोचलेली असू शकते. त्यामुळे गाडीवाल्याला पंधरा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि शेवटच्या दिवशी सकाळी फोन करताना मला जराही संकोच वाटत नाही.

पण बाभुळगाव तालुक्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्याचा जीवन विम्याचा हप्ता ही गोष्ट निराळी आहे. तो विसरलेला नसतो. त्याच्याकडे त्या दिवशी पैसे नसतात. विसरणं आणि नसणं यांतला हा फरक मला आता प्रत्येक नोंदीत दिसतो. नसलेल्या पैशाची आठवण पाच वेळा करून दिली की माणूस फोन उचलणं बंद करतो, आणि मग खरोखर पैसा आल्यावरही तो आपल्याला टाळतो.

त्या शेतकऱ्याचंच उदाहरण घेऊ. पॉलिसीची सुरुवात 12 जुलै, हप्ता वार्षिक, आणि भरलेला हप्ता फक्त पहिल्या वर्षाचा. दुसरा हप्ता 12 जुलैला देय. वार्षिक हप्त्याला एक महिन्याची सवलत, म्हणजे 12 ऑगस्टपर्यंत मुभा. आता शेताकडे पाहा. जूनमध्ये बियाणं, जुलैत खत आणि निंदण, ऑगस्टात फवारणी. हे तिन्ही महिने पैसा फक्त बाहेर जाण्याचे. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पुढे फेब्रुवारीपर्यंत चालते, तूर जानेवारीनंतर. म्हणजे पैसा हातात येईपर्यंत पॉलिसी लॅप्स होऊन दोनतीन महिने झालेले असतात. याच काळात माणूस गेला, तर एकच हप्ता भरलेल्या पॉलिसीवर घरच्यांना विम्याची पूर्ण रक्कम मिळत नाही. पुनरुज्जीवन करता येतं, पण व्याज द्यावं लागतं, आणि उशीर वाढेल तसा प्रकृतीच्या जाहीरनाम्यापासून वैद्यकीय तपासणीपर्यंत व्यापही वाढतो.

मला वाटलं, उपाय सोपा आहे. आठवण जूनमध्ये द्यायचीच नाही, कापूस विकल्यावर डिसेंबरात द्यायची आणि हप्ता तेव्हाच भरून घ्यायचा. पण नियम आडवा येतो. पुढच्या आर्थिक वर्षातला हप्ता कंपनी देय तारखेच्या तीन महिन्यांहून आधी घेत नाही. 12 जुलैचा हप्ता 1 एप्रिलच्या आधी भरताच येत नाही. आणि 31 मार्चला तर सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज फेडायचं असतं, नाहीतर व्याजाची सवलत जाते. एक एप्रिलला कापसाच्या पैशातलं काय उरलेलं असणार?

इथे थोडं आडवाटेला जातो. बँकेतून कापली जाणारी 436 रुपयांची जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना यांच्यात माझं कमिशन नाही, पण त्यांची नोंद मी ठेवतो. कपात मेच्या शेवटच्या आठवड्यात होते, नेमकी पेरणीच्या तोंडावर, खाती रिकामी असताना. त्या वेळी खात्यात 456 रुपये नसले तर 1 जूनपासूनचं संरक्षण थांबतं. जीवनज्योतीत नंतर पुन्हा सामील झालं, तर पहिले तीस दिवस अपघाताखेरीज अन्य मृत्यूवर दावा मिळत नाही. मेच्या पंधरा तारखेला केलेला एक फोन इथे पुरतो, कारण रक्कम लहान आहे आणि ती कोणीही कुठूनही जमवू शकतो. वार्षिक हप्त्याच्या हजारो रुपयांना हे लागू पडत नाही.

आठवण नेमकी कधी द्यावी याचा विचार करत होतो, आणि आता मला वाटतं की जुलैच्या या पॉलिसीत चूक आठवणीच्या वेळेत नव्हतीच. पॉलिसी जुलैत सुरू झाली कारण एजंटला त्या महिन्याचं टार्गेट होतं. पुढची सगळी वर्षं देय तारीख काय राहणार, हे त्याच दिवशी ठरलं. रजिस्टरात जूनजुलैत ज्या नावांची गर्दी होते, त्यातली बरीच विक्रीच्या दिवशीच अडचणीत आलेली असतात. हप्त्याचा प्रकार वर्षपूर्तीच्या तारखेला बदलता येतो, पण वार्षिकचा सहामाही केला तरी जुलै सुटत नाही, फक्त रक्कम साधारण निम्मी होते. तेही थोडंथोडकं नाही, पण पुरेसंही नाही.

म्हणून शेतकऱ्याकडून प्रस्ताव घेताना मी आता आधी विचारतो, 'पैसा कोणत्या महिन्यात येतो?' घाई नसेल तर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत थांबतो. पण घरात कमावता एकटाच असेल आणि मुलं लहान असतील, तर पाच महिने विम्याविना ठेवणं मला पटत नाही. तिथे जुलैतच पॉलिसी देतो, आणि कापूस विकला की हप्त्याएवढी रक्कम जुलैच्या सुरुवातीला मोकळी होईल अशा मुदत ठेवीत टाकायला सांगतो. रजिस्टरात त्याचं नाव मग दोन जागी येतं: डिसेंबरच्या पानावर 'ठेव केली का?' आणि जुलैच्या पानावर 'ठेव मोडून भरला का?' डिसेंबरचा फोन मी जिनिंगला गाडी गेल्याचं कळल्यावर करतो, काटापट्टी हातात असते तेव्हा.