जालन्याची सीडी आणि कलम ६५-ब

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक पुरावा आला की पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात हा निकाल हमखास पुढे ठेवला जातो, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे वकील तोच ठेवतात. एक म्हणतो, प्रमाणपत्राशिवाय पुरावा वाचताच येत नाही. दुसरा म्हणतो, याच निकालात प्रमाणपत्र नसताना पक्षकाराला सूट मिळाली आहे. दोघांच्याही हातात निकालातलीच वाक्ये असतात. घोळ होतो तो सारांश काढताना. न्यायालयाने घातलेली अट आणि जालन्यात प्रत्यक्ष घडलेली हकीकत एकाच परिच्छेदात कालवली जाते.

आधी हकीकत पाहू. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत गोरंट्याल आणि एक मतदार यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका दाखल केल्या. २७ सप्टेंबर २०१४ ही अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती आणि वेळ दुपारी तीनपर्यंतची. खोतकरांचे अर्ज त्यानंतर आले, तरी ते स्वीकारले गेले, असा आरोप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर व्हिडिओ चित्रण चालू होते, तेव्हा कोण किती वाजता आत आले हे त्यात दिसणार होते. मार्च २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक यंत्रणेला हे चित्रण आवश्यक प्रमाणपत्रासह हजर करायला सांगितले. सीडी आल्या, प्रमाणपत्र आले नाही. याचिकाकर्त्यांनी मागणी करूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. शेवटी उच्च न्यायालयाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची साक्ष पाहून कलमाची पुरेशी पूर्तता झाली असे धरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला तो केवळ जालन्याचा राहिला नव्हता. २०१४ च्या अन्वर निकालाने प्रमाणपत्र अनिवार्य मानले होते. २०१८ च्या शफी मोहम्मद निकालाने उपकरण ज्याच्या ताब्यात नाही त्याला त्यातून मोकळे केले होते. हा विरोध मिटवण्यासाठी प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले आणि न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट व न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने उत्तर दिले. ते उत्तर हा या निकालातला नियमाचा भाग आहे, आणि जालना हे नाव काढून टाकले तरी तो तसाच उभा राहतो.

त्या नियमाचा गाभा असा. संगणकातली माहिती छापून किंवा सीडी, पेनड्राइव्हवर उतरवून आणली, तर ती प्रत आहे आणि तिच्यासोबत कलम ६५-ब (४) चे प्रमाणपत्र हवेच. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे उच्च न्यायालयाने स्वीकारलेला पुरेशा पूर्ततेचा मार्ग नियम म्हणून टिकला नाही, आणि शफी मोहम्मद निकालही रद्दबातल झाला. मात्र मूळ उपकरणच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने पिंजऱ्यात उभे राहून ते आपले असल्याचे, माहिती प्रथम त्यातच साठवली गेल्याचे सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. हे वाक्य सारांशातून सर्रास गळते. माझ्या मते पुण्यातल्या रोजच्या खटल्यांत तेच सर्वांत कामाचे आहे.

कोथरूडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेतला पार्किंगचा वाद घ्या. मारहाणीचे चित्रण संस्थेच्या डीव्हीआरमध्ये आहे आणि फिर्यादीने ते पेनड्राइव्हवर उतरवून घेतले आहे. पेनड्राइव्ह ही प्रत, म्हणून डीव्हीआर ज्याच्या देखरेखीखाली आहे त्या जबाबदार पदाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागेल. त्यात ही नोंद कोणती, कशी काढली, उपकरण कोणते आणि ते नीट चालू होते का, हे लिहावे लागते. डीव्हीआरच न्यायालयात आणून संस्थेच्या माणसाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. पण डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढवत जातो. तारीख पडेपर्यंत मूळ नाहीसे झालेले असू शकते, आणि मग प्रमाणपत्रासह घेतलेली प्रतच उरते.

आता ती सूट. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जालन्यातल्या याचिकाकर्त्यांनी आपल्या हातात होते ते सर्व केले. प्रमाणपत्र द्यायचे होते तिसऱ्याने, त्याच्यावर त्यांचा ताबा नव्हता, आणि त्याने हेतुपुरस्सर नकार दिला. अशक्य गोष्ट करायला कायदा कोणालाही भाग पाडत नाही, या जुन्या तत्त्वावर त्यांना त्या अटीतून मुक्त केले. ही मुक्ती हकिकतीतून निघालेली आहे, म्हणून सारांशात ती हकिकतीसकट लिहायला हवी: मागणी केली, न्यायालयाकडे गेले, आदेश मिळाला, तरीही नकार आला. यातल्या पायऱ्या गाळून फक्त सूट मिळाली एवढेच टिपले, की शफी मोहम्मद मागच्या दाराने परत येतो. कोथरूडच्या फिर्यादीने सचिवाकडे लेखी मागणीच केली नसेल, नकार आल्यावर न्यायालयात अर्ज दिला नसेल, तर जालन्याचा आधार त्याला नाही. यातून एक सर्वसाधारण नियमही न्यायालयाने काढून दिला: मागणी नाकारली किंवा उत्तर आले नाही, तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा आणि न्यायालयाने संबंधिताला समन्स काढून ते प्रमाणपत्र मागवावे. सुनावणी संपलेली नसेल तोवर योग्य टप्प्यावर हे करता येते. फौजदारी खटल्यात मात्र आरोपीच्या बचावाला धक्का लागत नाही ना, हे पाहूनच.

तिसरा एक थर आहे आणि तो चटकन नजरेतून निसटतो. अपील फेटाळले गेले, पण ते सीडींच्या जोरावर नव्हे. उच्च न्यायालयाने चित्रणाखेरीज इतर पुराव्यावर, अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीतल्या उत्तरांवरही, उशिराचा निष्कर्ष काढला होता आणि तो स्वतंत्रपणे पुरेसा होता. म्हणून गोरंट्यालांची सीडी मान्य झाली आणि निवडणूक रद्द झाली, असे एका ओळीत लिहिणे चूक आहे. मग कोणी विचारेल, निकाल सीडीवर टेकलेलाच नाही तर प्रमाणपत्रावरची एवढी चर्चा प्रसंगोपात्त शेरा ठरत नाही का? माझे उत्तर नाही असे आहे. तोच प्रश्न ठरवण्यासाठी प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवले गेले होते आणि पीठाने त्याचे थेट उत्तर देऊन त्याच्याशी विसंगत जुने निकाल मोडीत काढले. हे उत्तर खालच्या न्यायालयांना बांधते. बांधत नाही ती फक्त जालन्याची हकीकत.

१ जुलै २०२४ पासून कलम ६५-ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत: एक उपकरण किंवा संबंधित काम ज्याच्या हाती आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. जालन्याची सूट इथेही मिळावी, कारण ज्या तत्त्वावर ती दिली ते कलमाच्या क्रमांकावर अवलंबून नाही. पण ती पहिल्या भागापुरती. अधिकारी सही देत नाही, ही अडचण पक्षकाराच्या हाताबाहेरची असते. तज्ज्ञ गाठणे मात्र बहुतेकदा त्याच्याच हातात असते, आणि तेवढे केले नाही तर सर्व प्रयत्न करून झाले असे त्याला म्हणता येणार नाही.