डाळ कोरडी मोजावी

“आमच्याकडे रोज वरण असतं, मग प्रोटीन कमी कसं पडेल?” असं विचारणाऱ्यांनी एकदा कुकरला लावायच्या आधी डाळ मोजून पाहावी. तुरीच्या कोरड्या डाळीत 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. चौघांत तेवढीच डाळ शिजली, तर माणशी जेमतेम साडेपाच ग्रॅम पदरात पडतात. पाणी ओतून वरण पुरवठ्याला येतं, प्रथिनं येत नाहीत.

मोडांचंही तेच. मूग भिजून, मोड येऊन दुप्पट-तिप्पट भरतात, पण ते वजन पाण्याचं. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढतं, पचायलाही सोपं जातं. प्रथिनं मात्र मूठभर कोरड्या मुगात होती तेवढीच राहतात. म्हणून हिशेब नेहमी कोरड्या धान्याचा करावा.

साठ किलो वजनाच्या बाईचा दिवस घेऊ. निरोगी माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तिला रोज पन्नासेक ग्रॅम पुरेत, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. व्यायाम करत असेल तर साठ धरू. सकाळी दोन अंडी आणि एक पोळी, झाले पंधरा. दुपारी चाळीस ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, दोन पोळ्या आणि वाटीभर दही, की वीस. संध्याकाळी तीस ग्रॅम मुगाची उसळ, सात. रात्री साठ ग्रॅम पनीर आणि दोन भाकऱ्या, सतराच्या आसपास. बेरीज एकोणसाठ. दूध, शेंगदाण्याचं कूट, भाजीतले वाटाणे यांत धरलेलेच नाहीत. प्रोटीन पावडरच्या एका चमच्यात सहसा वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. वरची दोन अंडी आणि साठ ग्रॅम पनीर मिळून साधारण तिथेच पोचतात.

या बेरजेत पोळी-भाकरीही मोजली आहे, ते उगाच नाही. डाळीत मेथिओनिन कमी आणि धान्यात लायसिन कमी. दोन्ही एकाच दिवसात पोटात गेली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरणभात हा त्या अर्थाने चोख जोड आहे, फक्त आपण भाताचा डोंगर रचतो आणि वरण वर शिंपडतो.

पनीरवर मात्र जरा हात आखडता घ्यावा. त्यात प्रथिनांइतकीच, कधी जास्तच चरबी असते. रोज पाव किलो खाऊन वजन आटोक्यात ठेवणं अवघड. दही पातळ वाटत असेल तर फडक्यात टांगून चक्का करावा, त्याच वाटीत प्रथिनं कितीतरी जास्त बसतात. मोडांनी पोट फुगत असेल तर कच्चे खाण्याचा हट्ट सोडून वाफवावेत. आणि मूत्रपिंडाचा विकार असेल, तर वरचा हिशेब बाजूला ठेवून किती खायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.