सरासरीचा हिशेब

जबलपूरच्या सदरमधून नर्मदातीरावरच्या एखाद्या खेड्यातल्या आप्तांकडे पर्वस्नानाला निघायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न येतो तो किती वाजता निघायचे हा. आणि त्याचे उत्तर देताना आपण डोळ्यांसमोर आणतो तो मोटारीच्या काट्यावरचा वेग, सरासरी मात्र विसरतो. काटा त्या क्षणापुरते बोलतो. सरासरी म्हणजे सगळे अंतर भागिले सगळा वेळ, आणि त्या वेळात थांबलेली मिनिटेही आली.

समजा, अंतर ४० किलोमीटर आहे. त्यातले २४ महामार्गाचे, ताशी ६० ने २४ मिनिटांत सरतात. पुढचे १२ अरुंद डांबरी रस्त्याचे, ताशी ३० ने तितकीच मिनिटे घेतात. उरले चार, खड्ड्यांचे; तिथे ताशी १२ सुटले तरी पुष्कळ, म्हणजे २० मिनिटे. आता गतिरोधक. नियमाप्रमाणे बांधलेला उंचवटा ताशी २५ ने ओलांडता यावा असा असतो, पण गावकऱ्यांनी हौसेने घातलेला मातीचा बांध गाडीला जवळजवळ उभी करतो, आणि वेग मोडून पुन्हा धरण्यात आठ-दहा सेकंद जातात. असे बारा आले की दोन मिनिटे गेली. म्हशींचा कळप चार मिनिटे घेतो. एका वेळी एकच गाडी मावणाऱ्या पुलावर समोरचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह चढलेला असला तर आणखी दोन. बेरीज ७६ मिनिटे, सरासरी ताशी जेमतेम ३२. नुसत्या गावरस्त्याची तर १८ च!

इथेच सरासरीचे मर्म आहे. अर्धे अंतर ६० ने आणि अर्धे २० ने कापले तर सरासरी ४० येत नाही, ३० येते. कारण संथ भागात आपण अधिक काळ असतो आणि हिशेबात काळाचे वजन पडते. म्हणूनच महामार्गावर ६० चे ८० केले तरी वाचतात सहाच मिनिटे, आणि ती एकाच कळपापुढे बहुतेक खर्चून जातात. (तरुण चालकांना हे पटवणे अवघड, हे मान्य.)

तेव्हा आपल्या रस्त्याची सरासरी रस्त्यालाच विचारावी. निघताना आणि पोहोचल्यावर घड्याळ व किलोमीटरचा आकडा टिपावा, थांबे वजा करू नयेत, आणि सकाळ-संध्याकाळ वेगळी धरावी. तिन्हीसांजेला गुरे घरी परततात, अंधारात खड्डा दिसतो तो चाक त्यात गेल्यावर. पावसात साचलेल्या पाण्याने खड्ड्याची खोली झाकली जाते, म्हणून १२ चे ८ धरावेत. म्हणजे त्या चार किलोमीटरलाच अर्धा तास. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर मात्र सरासरी काढूच नये. अलीकडे गाडी उभी करावी आणि आप्तांना, स्नान उद्या, असे कळवावे.