हसू कुणाचं?

जानेवारी २०२४ मध्ये अंगणवाडी सेविकांचा संप चालू होता. माझी मावशी त्या काळात आझाद मैदानावर दोन दिवस बसून होती. तिच्या शेजारच्या बाईने काढलेला एक फोटो तिने मला पाठवला. चार बायका सतरंजीवर बसलेल्या, मांडीवर स्टीलचे डबे, मागे कुणाच्या तरी हातात 'मानधन' असा शब्द असलेला फलक. चौघींपैकी कुणीच हसत नव्हतं. मावशी कॅमेऱ्याकडे नाही, कुठेतरी बाजूला बघत होती.

मागच्या वर्षी फोटोंची चित्रं करण्याची लाट आली, तेव्हा मला तो फोटो आठवला. ॲपमध्ये टाकून जलरंगातलं चित्र करून घेतलं आणि कौतुकाने गावाकडच्या ग्रुपवर टाकलं. खाली काहीच लिहिलं नाही. मावशीला सगळे ओळखतात, चित्र आहे हे दिसतंच आहे, मग सांगायचं काय?

तीन आठवड्यांनी तेच चित्र दुसऱ्याच ग्रुपमधून माझ्याकडे परत आलं. वर लिहिलं होतं, 'हे धरणं की सहल?' माझा पहिला विचार असा होता, की कुणीतरी माझ्या चित्रात फेरफार केला. म्हणून मी माझी प्रत उघडली. फेरफार कुणीच केला नव्हता. चित्रात चौघी हसतच होत्या. मी ते टाकलं तेव्हाही हसतच होत्या, आणि माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

का आलं नसेल, यावर मी बराच विचार केला. चित्र 'मी चित्र आहे' असं उघड सांगतं, तेव्हा आपण सावध राहायचं सोडून देतो. फोटोत हसू बदललेलं असतं तर कदाचित डोळ्यांत खुपलं असतं. जलरंगात मात्र त्वचा मऊ होणार, रेषा पुसट होणार हे आपण आधीच मान्य केलेलं असतं. त्या मान्यतेच्या आडून ओठांचे कोपरेही वर सरकतात. शैली स्वतःची जाहिरात करते. तिच्याखाली झालेला बदल मात्र गप्प असतो.

मग मी मूळ फोटो आणि चित्र एकावर एक ठेवून पाहिले. चित्रं संपादित करणाऱ्या कोणत्याही साध्या प्रोग्रॅममध्ये हे जमतं: खाली फोटो, वर चित्र, दोन्ही एकाच मापाचे करायचे, डोळे जुळवायचे आणि वरच्याची पारदर्शकता निम्म्यावर आणायची. ती मागेपुढे केली की काय हललंय ते दिसतं. सतरंजी आणि खांदे जवळपास जागेवर होते. मावशीची नजर कॅमेऱ्याकडे वळली होती. चौघींचे ओठ बदलले होते, रंग उजळले होते. डबे जाऊन त्यांच्या जागी ताटलीसारखं काहीतरी आलं होतं. फलकावर 'मानधन'ऐवजी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या पण कोणतीच अक्षरं नसलेल्या खुणा होत्या. म्हणजे त्या बायका तिथे का बसल्या आहेत हे सांगणारी प्रत्येक गोष्ट गेली होती आणि बसणं तेवढं उरलं होतं. सहल म्हणणाऱ्याला फार कष्ट पडले नाहीत.

यातून मला पारखण्याची एक रीत मिळाली. अशा चित्रात बोटं, त्वचा, सावल्या तपासून उपयोग नाही, कारण त्यांतला विचित्रपणा शैलीच्या नावावर खपतो. शैलीला जे बदलायची गरजच नव्हती ते बघायचं: नजर कुठे आहे, ओठ कसे आहेत, माणसं किती आहेत, हातात काय आहे, फलकावर काय लिहिलंय. जलरंगासाठी डब्याची ताटली करावी लागत नाही. अर्थात हे सगळं मूळ फोटो हाती असेल तरच. चित्रावरून उलटा शोध घेतला तर मूळ फोटो सापडेलच असं नाही, कारण रंग आणि पोत दोन्ही बदललेले असतात; त्यापेक्षा प्रसंग, जागा आणि तारीख यांवरून शोधणं बरं. नाहीच सापडला, तर 'हे खोटं आहे' असंही म्हणू नये. 'मूळ पाहिल्याशिवाय पुढे पाठवणार नाही' एवढंच म्हणता येतं.

मूळ शेजारी असण्याचं महत्त्व दाखवणारी एक जुनी गोष्ट आहे. २७ जून १९९४ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ओ. जे. सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला फोटो होता, पण मॅट माहुरिन या चित्रकाराने त्याला नाट्यमय केलेलं होतं. चेहरा मूळ फोटोपेक्षा खूप काळवंडलेला, कडा अंधारात गेलेल्या. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो तसाच छापला. दोन्ही अंक दुकानात शेजारी-शेजारी लागले आणि फरक कुणालाही दिसला. खटला उभा राहण्याआधीच एका कृष्णवर्णीय आरोपीला अधिक काळं आणि अधिक भयावह केल्याबद्दल मोठी टीका झाली. 'टाइम'ने लेबल लावलंच नव्हतं असं नाही. आतल्या पानावर ते 'फोटो-इलस्ट्रेशन' असल्याची नोंद होती. नोंद खरी होती, तरी फसवणूक झाली. 'हे चित्र आहे' असं त्या नोंदीने सांगितलं. 'चेहरा काळा केला आहे' हे सांगितलं नाही.

यावर कुणी विचारेल, मग व्यंगचित्रांचं काय? आर. के. लक्ष्मण इंदिरा गांधींचं नाक केवढं लांब काढत! ते खोटं का वाटत नाही? मला वाटतं, कारण ते नाक म्हणजे लक्ष्मणांचं मत असतं. खाली त्यांची सही असते, आणि अमुक दिवशी अमुक ठिकाणी नाक एवढं होतं असा दावा त्यात नसतो. माझ्या जलरंगाचं तसं नव्हतं. ते एका खऱ्या दिवसाची साक्ष असल्यासारखं वावरत होतं. त्यातलं हसू हे कुणाचंच मत नव्हतं. माझं नाही, मावशीचं तर नाहीच. तरी ते तिच्या तोंडावर होतं. मताला सही लागते आणि साक्षीला मूळ लागतं. माझ्या चित्राला दोन्ही नव्हतं.

मी मावशीला फोन केला. ती रागावली नाही. म्हणाली, "अरे, त्या दिवशी पाय सुजले होते माझे. हसतेय कुठली!" थोडं थांबून म्हणाली, "फोटो टाकायच्या आधी विचारायचंस तरी."

आता मी चित्र टाकलंच तर वेगळ्या रीतीने टाकतो. आधी विचारतो. लेबल चित्राच्या खालच्या मजकुरात नाही, तर चित्रावरच लिहितो, कारण पुढे पाठवताना मजकूर गळून पडतो. अगदी कडेलाही लिहीत नाही, कारण कड कापायला एक क्षण पुरतो. आणि नुसतं 'चित्र' एवढं लिहीत नाही. त्या जलरंगावर मी शेवटी असं लिहिलं: 'फोटोवरून ॲपने केलेलं चित्र. आझाद मैदान, जानेवारी २०२४. चेहऱ्यांवरचं हसू, नजर आणि ताटल्या मूळ फोटोत नाहीत.'

लिहून झाल्यावर वाचलं, आणि लक्षात आलं की एवढं सांगावं लागत असेल तर हे चित्र टाकण्यात अर्थच उरला नाही. लेबलाचा हा एक उपयोग मला आधी कुणी सांगितला नव्हता. बदलांची यादी प्रामाणिकपणे लिहायला बसलं, की कोणतं चित्र पाठवायचं आणि कोणतं नाही, हे आपलं आपल्याला कळतं.

चित्र मी काढून टाकलं. मावशीला विचारून दोन्ही ग्रुपवर मूळ फोटो टाकला, खाली तारीख आणि जागा लिहून. सहल म्हणणाऱ्या ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. ते जलरंगातलं चित्र मात्र अजूनही कुठेतरी फिरत असणार, आणि त्यातली मावशी हसत असणार.