उशिरां पाठविलेल्या शुभेच्छा

मित्राच्या विवाहास सहा महिने लोटले आणि आपण त्यास एक शब्दहि लिहिला नाहीं, असें आपल्यापैकीं पुष्कळांचें झालें असेल. अशा वेळीं आतां लिहावें कीं गप्प बसावें? आणि लिहावें तर उशिराविषयीं किती बोलावें?

मजवर हा प्रसंग आला. माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्राचें लग्न वैशाखांत झालें. पत्रिका वेळेवर आली होती, पण मला जातां आलें नाहीं. पहिल्या आठवड्यांत दोन ओळींचें कार्ड पुरे झालें असतें. महिना गेल्यावर वाटलें, आतां कार्ड शोभणार नाहीं, मोठें पत्र पाहिजे. पावसाळा सरला तेव्हां वाटलें, आतां पत्राबरोबर भेटहि पाहिजे. जों जों दिवस गेले, तों तों मीं स्वतःवर बसविलेला दंड वाढत गेला, आणि तो भरवेना म्हणून मीं कांहींच दिलें नाहीं. वास्तविक हा दंड मित्रानें बसविला नव्हता. त्याला दोन प्रेमाचे शब्द हवे होते, आणि ते वैशाखांत जेवढे होते तेवढेच कार्तिकांतहि होते.

शेवटीं कार्तिकांत मी लिहावयास बसलों. पहिला मजकूर वीस ओळींचा झाला. पेरणी लांबली, धाकट्या मुलास ताप आला, पत्रिका पेटींत तळाशीं गेली, पत्ता सांपडेना. हें सर्व खरें होतें. परंतु वाचून पाहतों तों सोळा ओळी माझ्याविषयीं, आणि त्याच्या विवाहाविषयीं अवघ्या चार! असें पत्र वाचून त्यास उत्तरांत माझेंच समाधान करावें लागलें असतें. ज्यास आनंद द्यावयाचा, त्याच्यावर हें काम लादणें अन्यायाचें आहे.

कबुली व सबब यांतील भेद येथें ध्यानांत घ्यावा. मीं उशीर केला, ही कबुली; ती एका वाक्यांत संपते, मग उशीर आठवड्याचा असो कीं वर्षाचा. उशीर झाला, पण त्यास अमुक कारण घडलें, ही सबब. ती आपला दोष हलका करूं पाहते. एक सबब पुरेशी वाटत नाहीं म्हणून दुसरी जोडावी लागते. आणि दुसरी जोडावीशी वाटली, कीं पहिली पुरेशी नव्हती असें समजावें.

पौल बंदिवासांत असतां फिलिप्पै येथील मंडळीनें एपफ्रदीताच्या हातीं त्यास देणगी पाठविली. तुमची आस्था बऱ्याच काळानें पुन्हां दिसून आली, असें पौल त्यांस लिहितो, आणि लागलीच आपण होऊन म्हणतो कीं, आस्था तुम्हांस होतीच, संधि मात्र नव्हती. सबब शोधणें हा घेणाऱ्याचा मान आहे. देणाऱ्यानें तो हिरावून घेऊं नये.

मग मीं तें पत्र फाडून दुसरें लिहिलें. तें असें:

"प्रिय बंधू यास सप्रेम सलाम. तुझ्या विवाहाच्या शुभेच्छा वैशाखांत पाठवावयाच्या, त्या आज पाठवीत आहें. चूक माझी आहे. तुझ्या लग्नानें मला फार आनंद झाला, व तो आजहि तसाच आहे. आपण शिकत असतां कंदिलाची काच रोज तूंच पुशीत होतास. आतां तुमच्या घरचा दिवा दोघांच्या हातीं आहे. तो सदा उजळ राहो. वहिनींस माझा सलाम सांग. त्यांची आमची भेट व्हावयाची आहे. नाताळानंतर तुम्ही उभयतांनीं दोन दिवस आमच्या घरीं राहावयास यावें."

लग्नाचा दिवस मागें गेला होता, म्हणून त्या दिवसाविषयीं न लिहितां चालत्या संसारास शुभ चिंतिलें. क्षमेची याचनाहि केली नाहीं, कारण याचनेस उत्तर द्यावें लागतें.

यास एक अपवाद आहे. आपल्या मौनाचा अर्थ नाराजी असा होण्याजोगा असेल, जसें पूर्वीं त्या सोयरिकीविषयीं आपण प्रतिकूल बोललों असूं, तर एका वाक्यांत तो गैरसमज दूर करावा. तसेंच मधल्या महिन्यांत त्या घरीं कांहीं दुःख घडलें काय, याची आधीं चौकशी करावी. घडलें असेल तर प्रथम सांत्वन करावें. आणि लग्नाचें वृत्त आजच कळलें, असें खोटें तर कधींच लिहूं नये.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. खालीं निराळ्या अक्षरांत, नाताळानंतर येतों, असें वहिनींनीं लिहिलें होतें. आणि वर मित्रानें लिहिलें होतें, "पेरणीच्या दिवसांत तुला सवड कोठली मिळणार?" पेरणीचें नांवहि मीं काढलें नव्हतें.